महिनाअखेरचे स्टेटमेंट ग्राहकाला समजेल असे कसे लिहावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशात एका घाऊक पुरवठादाराकडे मी हिशेब पाहते. आमचे पीठ, तेल, साखर, डाळी पेडण्यापासून फोंड्यापर्यंत जातात. ग्राहकांत पाव भाजणारे पोदेर आहेत, खानावळी आहेत, ऑक्टोबर ते मे चालणारे समुद्रकिनाऱ्यावरचे शॅक आहेत, दोन-तीन शाळांची उपाहारगृहेही आहेत. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना स्टेटमेंटचा मेल जातो. हिशेबाचे काम करणाऱ्या ओळखीच्या लोकांनी या मेलविषयी मला वेळोवेळी जे विचारले, ते इथे उत्तरांसह लिहिले आहे.

स्टेटमेंटचा मेल वर्षानुवर्षे असाच जातोय. आता बदलायचे कारण काय?

आमच्याकडून पूर्वी जाणारा मेल आधी वाचा. एका खानावळवाल्या काकींना गेलेला हा मजकूर आहे:

> विषय: स्टेटमेंट ऑफ अकाउंट, ३१ ऑगस्ट अखेर
>
> सोबत आपल्या खात्याचे स्टेटमेंट जोडले आहे. क्लोजिंग बॅलन्स रु. २९,५०० `Dr` असून ३०-६० दिवसांच्या बकेटमध्ये रु. १८,४०० आउटस्टँडिंग आहेत. ऑन अकाउंट रु. २५,००० `Cr` अनअ‍ॅडजस्टेड आहेत. ओव्हरड्यू रक्कम त्वरित रिलीज करून बॅलन्स कन्फर्म करावा. `E&OE`

काकी रोज पहाटे उठून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करतात आणि घरचा हिशेब वहीत चोख ठेवतात. त्यांनी फोन करून मला विचारले, "अगं, पंचवीस हजार तुम्ही मला परत देणार आहात का? आणि मग अठरा हजार कसले मागताय?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मेलमध्ये तीन आकडे होते आणि किती भरायचे, कधीपर्यंत भरायचे, हे एकाही आकड्यावरून कळत नव्हते. हिशेबाच्या माणसाला तो मेल अर्ध्या मिनिटात उलगडतो, पण तो जातो ज्यांना पैसे भरायचे असतात त्यांच्याकडे.

`Dr` आणि `Cr` इतके साधे आहेत, त्यांत कोणाला काय अडचण येणार?

`Dr` म्हणजे डेबिट आणि `Cr` म्हणजे क्रेडिट. सगळ्यांत जास्त गोंधळ या दोन अक्षरांनीच होतो. ग्राहकाला ती माहीत नसतात असे नाही. त्याला ती उलट्या अर्थाने माहीत असतात.

बँकेचा संदेश येतो, "तुमच्या खात्यात ५,००० रुपये क्रेडिट झाले." म्हणजे पैसे आले. "डेबिट झाले" म्हणजे पैसे गेले. मोबाइल हातात असलेल्या प्रत्येकाला हे पाठ आहे. बँक मात्र हे शब्द तिच्या बाजूने वापरते. तुमची ठेव हे बँकेचे तुम्हाला देणे असते, म्हणून ती क्रेडिटला बसते. आमच्या वहीत ग्राहकाकडे आमचे येणे असते, म्हणून ग्राहकाचे खाते डेबिटला उभे राहते आणि त्याने पैसे भरले की ते क्रेडिट होते. हिशेबाच्या दृष्टीने दोन्हीकडे नियम एकच आहे. ग्राहक मात्र बँकेत सावकार असतो आणि आमच्याकडे ऋणको, त्यामुळे तेच अक्षर त्याला दोन ठिकाणी उलटे दिसते.

म्हणून "२५,००० `Cr`" वाचून काकींना वाटले की हे पैसे त्यांना मिळणार. बँकेच्या भाषेत त्यांचा अर्थ बरोबरच होता.

मेलच्या मजकुरातून ही दोन्ही अक्षरे मी पूर्ण काढली आहेत. कंसात त्यांचा अर्थही देत नाही, कारण अर्थ दिला तरी डोळा आधी ओळखीच्या अक्षराकडेच जातो.

मग शुद्ध मराठीत "नावे" आणि "जमा" लिहिले तर?

नावे आणि जमा हे जुने, नेमके शब्द आहेत आणि मला प्रियही आहेत. पण त्यांनी अडचण सुटत नाही, फक्त लिपी बदलते. "तुमच्या नावे २९,५००" वाचून माझ्या नावावर पैसे आहेत असा अर्थ एका शॅकवाल्याने काढला होता.

"येणे" आणि "देणे" यांतही एक खाच आहे. आमचे येणे ते ग्राहकाचे देणे. मेल आमच्या कार्यालयात लिहिला जातो, म्हणून सहज "येणे रक्कम" असे लिहून जातो, आणि वाचणारा ते स्वतःचे येणे समजतो. यावर उपाय एकच: वाक्यात कर्ता आणि क्रियापद ठेवायचे. "तुम्ही आम्हाला द्यायचे २९,५०० रुपये." "तुम्ही भरलेले २५,००० रुपये." "आम्ही तुमच्या बिलातून वजा केलेले २,८५० रुपये." कोणी कोणाला दिले हे वाक्यातच असले की कुठलाही मथळा शिकावा लागत नाही.

शब्द सोपे केले, तरी ग्राहक म्हणतो, "मी तर पैसे भरलेत." असे का?

बहुतेक वेळा शब्दांच्या मागचे काम राहिलेले असते. काकींचाच हिशेब पूर्ण मांडते.

जुलैचे एक बिल बाकी होते: क्रमांक ४१२, तारीख १८ जुलै, रक्कम १८,४०० रुपये. ऑगस्टमध्ये दोन बिले झाली. ४८७ हे ६ ऑगस्टचे, २२,६५० रुपयांचे, आणि ५३१ हे २० ऑगस्टचे, १६,३०० रुपयांचे. ४८७च्या मालातली दोन पोती पावसात भिजलेली निघाली. ती आम्ही ९ ऑगस्टला परत घेतली आणि २,८५० रुपयांची क्रेडिट नोट काढली. १२ ऑगस्टला काकींनी यूपीआयने २५,००० रुपये पाठवले. कोणत्या बिलाचे ते सांगितले नव्हते. १८,४०० आणि २२,६५० आणि १६,३०० मिळून ५७,३५०. त्यातून २५,००० आणि २,८५० वजा केले की उरतात २९,५००. बेरीज-वजाबाकीत काही चूक नाही.

चूक झाली ती पैसे नोंदवताना. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पावती नोंदवताना ती कोणत्या बिलासमोर धरायची हे विचारले जाते. `Agst Ref` निवडून बिल दाखवले तर ते बिल तेवढ्याने कमी होते. घाईत `On Account` निवडले तर पैसे खात्यात येतात, पण एकाही बिलाला लागत नाहीत. आमच्याकडे नेमके तेच झाले होते. परिणामी बाकीच्या यादीत १८ जुलैचे बिल पूर्ण १८,४०० रुपयांचे, ४४ दिवस जुने असे उभे राहिले आणि काकींचे २५,००० रुपये शेजारी वेगळे पडून राहिले. मेलने तीच यादी जशीच्या तशी वाचून दाखवली.

हे पैसे बिलांना लावून पाहा. २५,००० मधून १८,४०० गेले आणि जुलैचे बिल मिटले. उरलेले ६,६०० बिल ४८७ला लागले. त्या बिलातून २,८५० आधीच वजा होते, म्हणून २२,६५० वजा २,८५० वजा ६,६०० म्हणजे १३,२०० राहिले. बिल ५३१ पूर्ण १६,३०० रुपयांचे बाकी. दोन्ही मिळून तेच २९,५००.

आमची मुदत बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांची आहे. म्हणजे १३,२०० रुपये ५ सप्टेंबरपर्यंत आणि १६,३०० रुपये १९ सप्टेंबरपर्यंत द्यायचे होते. ३१ ऑगस्टला काकींकडे मुदत टळलेला एक रुपयाही नव्हता. तरी आम्ही त्यांना "ओव्हरड्यू रक्कम त्वरित रिलीज करावी" असे लिहिले होते. मला याचे फार वाईट वाटले. वेळेवर पैसे भरणाऱ्या बाईला आम्ही थकबाकीदार म्हटले होते आणि मोठ्या शब्दांच्या आड ते आमच्याच लक्षात आले नव्हते.

तेव्हापासून माझा क्रम असा आहे: महिनाअखेरीला आधी `On Account` पडलेल्या सगळ्या रकमा काढायच्या, त्या बिलांना लावायच्या आणि मगच मेल लिहायचा. "अनअ‍ॅडजस्टेड" हा शब्द साध्या मराठीत लिहायला गेलात तर "तुम्ही पैसे दिलेत, पण आम्ही ते कोणत्या बिलाचे हे अजून ठरवलेले नाही" असे लिहावे लागेल. हे वाक्य ग्राहकाला पाठवताना कोणालाही अवघडल्यासारखे होईल, आणि त्याच अवघडलेपणाने आधी ते काम उरकून घेतले जाते.

पैसे कोणत्या बिलात धरायचे हे आम्ही आमच्या मनाने ठरवू शकतो का?

आधी ग्राहकाला अधिकार. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५९ ते ६१ मध्ये याचा क्रम दिला आहे. पैसे देणाऱ्याने कोणत्या देण्यापोटी ते सांगितले असेल, किंवा परिस्थितीवरून तसे स्पष्ट दिसत असेल, तर पैसे स्वीकारल्यावर ते तिथेच धरावे लागतात. बिल २२,६५० चे आणि आलेली रक्कमही नेमकी २२,६५० असेल, तर ती त्याच बिलाची हे उघड आहे. ती जुन्या बिलात वळवू नका. काहीच सांगितले नसेल आणि कळायलाही मार्ग नसेल, तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवले नाही, तर तारखेच्या क्रमाने जुन्या देण्याला आधी लागतात.

आम्ही न सांगता आलेले पैसे जुन्या बिलाला लावतो आणि मेलमध्ये तसे सांगतो. त्या एका वाक्यामुळे भांडणे टळतात. समजा एका बिलाबद्दल ग्राहकाची तक्रार आहे. अशा वेळी त्याने दुसऱ्या बिलासाठी दिलेले पैसे तुम्ही वादातल्या बिलाला लावलेत, तर त्याला फसवल्यासारखे वाटणार.

मग नवा मेल दिसतो तरी कसा?

काकींचाच मेल आता असा जातो:

> विषय: ऑगस्टचा हिशेब – १३,२०० रु. ५ सप्टेंबरपर्यंत, १६,३०० रु. १९ सप्टेंबरपर्यंत
>
> नमस्कार काकी,
>
> ३१ ऑगस्टपर्यंतचा हिशेब पाठवत आहे. तुम्ही आम्हाला एकूण २९,५०० रुपये द्यायचे आहेत:
>
> ६ ऑगस्टचे बिल ४८७ – राहिलेले १३,२०० रुपये, ५ सप्टेंबरपर्यंत
> २० ऑगस्टचे बिल ५३१ – पूर्ण १६,३०० रुपये, १९ सप्टेंबरपर्यंत
>
> १२ ऑगस्टला तुम्ही यूपीआयने पाठवलेले २५,००० रुपये मिळाले. त्यातून १८ जुलैचे बिल ४१२ (१८,४०० रुपये) पूर्ण मिटले. उरलेले ६,६०० रुपये बिल ४८७ मध्ये धरले. पैसे दुसऱ्या बिलासाठी असतील तर सांगा, बदलून देऊ.
>
> भिजलेल्या दोन पोत्यांचे २,८५० रुपये बिल ४८७ मधून वजा केले आहेत (क्रेडिट नोट ३६, ९ ऑगस्ट).
>
> आमचे बँक खाते तेच आहे. खाते बदलल्याचा मेल आला तर पैसे पाठवण्याआधी आम्हाला फोन करा.
>
> यात काही चुकले असेल तर १० सप्टेंबरपर्यंत कळवा. सविस्तर स्टेटमेंट सोबत जोडले आहे. तुमच्या हिशेबनीसांना ते लागेल.

जुन्या मेलपेक्षा हा लांब आहे, याची मला खंत नाही. सोपे लिहिणे म्हणजे थोडके लिहिणे, अशी एक समजूत आहे. इथे ती लागू पडत नाही. जुना मेल चार ओळींचा होता आणि त्यापायी पंधरा मिनिटांचा फोन झाला होता.

विषयाच्या ओळीत रक्कम आणि तारीख मुद्दाम ठेवली आहे. खूप ग्राहक मोबाइलवर फक्त तेवढीच ओळ पाहतात. मात्र शाळा किंवा मोठ्या हॉटेलात अनेकांना दिसणाऱ्या सामाईक पत्त्यावर मेल जात असेल, तर रक्कम आत ठेवा. सगळ्यांसमोर आकडा दिसणे काहींना आवडत नाही.

"ओव्हरड्यू" आणि ०-३०, ३१-६० दिवसांचे रकाने ठेवायचे का?

रकाने मालकासाठी असतात. कोणाची उधारी किती जुनी झाली आहे हे त्यांना एका नजरेत दिसते. ग्राहकाला दिवसांचे वय नको असते, त्याला तारीख हवी असते. "३१-६० मध्ये १८,४००" यापेक्षा "१८,४०० रुपये १७ ऑगस्टपर्यंत द्यायचे होते" हे वाक्य लगेच कळते.

इथे एक तांत्रिक खड्डा आहे. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की मुदत संपल्यापासून, हे टॅलीच्या यादीत निवडता येते. बिलाच्या तारखेपासून मोजलेला "४० दिवस" म्हणजे, ३० दिवसांची मुदत असेल तर, फक्त १० दिवसांचा उशीर. तो "४० दिवस ओव्हरड्यू" म्हणून मेलमध्ये गेला, तर ग्राहक चिडतो, आणि त्याचे बरोबर असते. म्हणून मी "ओव्हरड्यू" न लिहिता "मुदत टळून १० दिवस झाले" असे लिहिते. असे लिहायचे तर आधी मुदत तपासावीच लागते.

एमएसएमई कायद्याचे, ४५ दिवसांचे वाक्य खाली घालावे का?

घालण्याआधी ते तुम्हाला लागू आहे का ते बघा. एमएसएमईडी कायदा, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला ठरल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी पुन्हा खुली झाली ती फक्त प्राधान्य क्षेत्रातील कर्जाच्या लाभापुरती. म्हणजे आमच्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांनी हे वाक्य छापणे चुकीचे आहे. आमच्याही मेलमध्ये ते कुठून तरी उतरवून घेतलेले होते. अर्थ विचारल्यावर कोणालाच सांगता आला नाही, म्हणून शोध घेतला आणि काढून टाकले. तुम्ही स्वतः माल बनवत असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही कलम क्रमांक देण्यापेक्षा मुदतीची तारीख लिहिणे ग्राहकाच्या जास्त कामाचे.

"क्रेडिट नोट"सारखे शब्दही काढून टाकायचे का?

नाही. एखाद्या कागदाचे नाव असेल तर ते ठेवायचे. ग्राहक जीएसटीत नोंदलेला असेल तर त्याच्या हिशेबनीसाला क्रेडिट नोटचा क्रमांक आणि तारीख हवीच. ते शब्द काढलेत तर त्याला कागद सापडणार नाही. म्हणून आधी साधी गोष्ट लिहायची, "भिजलेल्या दोन पोत्यांचे २,८५० रुपये वजा केले", आणि तिच्या मागे कागदाचे नाव व क्रमांक. बिल क्रमांक, यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, चेकचा क्रमांक यांनाही हेच लागू. ते जडजंबाळ दिसले तरी पुरावे आहेत.

जे शब्द फक्त आमच्या आतल्या कामाचे आहेत, ते जायला हवेत: सन्ड्री डेटर्स, बकेट, ऑन अकाउंट, अनअ‍ॅडजस्टेड, ओपनिंग, क्लोजिंग, जेव्ही. जेव्ही, म्हणजे जर्नल व्हाउचर, वाचून तर ग्राहकाला काहीच कळत नाही. त्यामागे घडले असते एवढेच की कुठलीशी वाहतूक आम्ही त्याच्या खात्याला लावली. मग "वाहतुकीचे ३५० रुपये, २२ ऑगस्ट" एवढेच लिहावे.

जोडलेले स्टेटमेंटही सोपे करायचे का?

मी ते जसे निघते तसेच जोडते. ते ग्राहकाच्या हिशेबनीसासाठी असते. तो आपल्या वहीशी ओळ न् ओळ ताडून पाहतो आणि त्याला नेहमीचा साचाच लागतो. दोन वाचक आहेत, म्हणून दोन कागद. फक्त दोन्हींतला शेवटचा आकडा एकच आहे ना, हे पाठवण्याआधी डोळ्यांनी पाहते. मेलचा मजकूर आदल्या दिवशी लिहून ठेवला आणि मध्ये एक पावती नोंदली गेली, की आकडे फुटतात. मेलमध्ये २९,५०० आणि जोडपत्रात २७,००० दिसले तर ग्राहकाचा दोन्हींवरून विश्वास उडतो.

३१ तारखेला ग्राहकाने चेक दिला, पण आमच्याकडे तो २ तारखेला वटला. काय लिहायचे?

जे झाले ते. "३१ ऑगस्टपर्यंत आमच्या बँकेत आलेले पैसे यात धरले आहेत. तुमचा ३१ ऑगस्टचा चेक २ सप्टेंबरला वटला. तो पुढच्या महिन्यात दिसेल." ग्राहकाच्या वहीत तो चेक दिलेल्या दिवशीच लिहिलेला असतो, त्यामुळे दोघांच्या आकड्यांत फरक पडणारच. फरकाचे कारण आपणहून सांगितले की फोन येत नाही. चवथीच्या महिन्यात हे वाक्य फार उपयोगी पडते, कारण सलग सुट्ट्यांमुळे चेक बरेच दिवस अडकतात.

ग्राहकाचे पैसे जास्त आले असतील तर?

क्लोजिंग बॅलन्स `Cr` किंवा उणे चिन्ह असलेला आकडा पाठवू नका. एका पोदेराने असा १,२०० चा आकडा पाहून तेवढे पैसे पुन्हा भरले होते. सरळ लिहा: "तुम्ही आत्ता काही द्यायचे नाही. तुमचे १,२०० रुपये आमच्याकडे जास्त आले आहेत. पुढच्या बिलात वजा करू, की परत पाठवू, ते कळवा." पहिले वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे, म्हणून तेच आधी.

`E&OE` आणि "बॅलन्स कन्फर्म करा" या दोन गोष्टी काढता येतील का?

पहिलीसाठी मराठीत आपल्या दुकानदारांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले शब्द आहेत: चूकभूल द्यावी घ्यावी. मी मेलमध्ये त्याच अर्थाने चूक कळवण्याची तारीख देते, म्हणजे ग्राहकाला नक्की काय करायचे ते समजते.

दुसरीबाबत सांभाळून. "सात दिवसांत उत्तर न आल्यास बॅलन्स मान्य समजला जाईल" हे वाक्य दर महिन्याला जाते, पण ग्राहक गप्प राहिला म्हणून त्याने देणे कबूल केले असे होत नाही. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १८ मध्ये कबुली लेखी आणि सहीची लागते, आणि ती मुदत संपण्याआधी दिलेली असावी लागते. तेव्हा महिन्याच्या मेलमधून ते धमकीवजा वाक्य काढा. त्याने पदरात काही पडत नाही आणि ग्राहक दुखावतो. वर्षाला, ३१ मार्चच्या हिशेबाचे, सहीसाठीचे पत्र वेगळे पाठवा. त्या पत्राची भाषा मात्र मी सोपी करायला जात नाही. ती वकिलांनी किंवा सीएंनी दिली तशीच ठेवते आणि ते पत्र कशासाठी आहे एवढे सोबतच्या मेलमध्ये साध्या शब्दांत सांगते.

मेल मराठीत लिहायचा, कोंकणीत की इंग्रजीत?

ग्राहक तुमच्याशी ज्या भाषेत लिहितो, त्या भाषेत. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथले आमचे बरेच ग्राहक मराठी वाचतात. सासष्टीतले अनेक जण इंग्रजी मागतात. नवा ग्राहक जोडताना एकदा विचारून खात्याच्या नोंदीत लिहून ठेवावे. एका मेलमध्ये दोन भाषा घालू नका, कारण तारीख बदलताना एकीकडे बदलते आणि दुसरीकडे राहते. इंग्रजी मेलमध्येही कर्ता आणि क्रियापद ठेवण्याचा नियम तोच.

दोनशे ग्राहकांना असा मेल हाताने कसा लिहिणार?

सगळ्यांना हाताने लिहावा लागत नाही. आमच्या बहुतेक ग्राहकांची एक किंवा दोन बिले बाकी असतात, त्यांच्यासाठी एक साचा पुरतो: बिल, राहिलेली रक्कम, शेवटची तारीख. हे तिन्ही बाकीच्या यादीतून एक्सेलमध्ये काढून मेलमध्ये भरता येते. माल परत आलेले, अर्धवट पैसे आलेले, चेक न वटलेले असे काहीच असतात, आणि त्यांना स्वतंत्र वाक्ये लिहावीच लागतात. आमच्याकडे असे मेल साधारण पंचवीस असतात आणि त्यांना माझा एक दिवस जातो. पूर्वी तोच दिवस फोनवर जायचा.

मेल समजला की नाही, हे कसे ओळखायचे?

ग्राहकाला "समजले का?" असे विचारू नका. भिडेखातर तो हो म्हणतो. पाठवण्याआधी गोदामातल्या किंवा गाडीवरच्या माणसाला वाचायला द्या आणि दोन गोष्टी विचारा: यांनी किती पैसे भरायचे, आणि कधीपर्यंत? तो अडखळला तर त्या ओळीत दोष आहे.

नंतर भरणा पाहा. काकींनी ४ सप्टेंबरला १३,२०० रुपये पाठवले, आणि यूपीआयच्या टिपणीत "बिल ४८७" असे लिहिले होते. ते पैसे `On Account` मध्ये टाकायची वेळच आली नाही.